लग्नाच्या ग्रुप फोटोत गेलेल्या बाबांना उभं करताना

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत झालं. बाबा 2020 साली गेले. स्टेजवर काढलेला घरच्यांचा एक छान ग्रुप फोटो आहे. त्यात बाबांना घालून मोठी फ्रेम करायची आणि आईच्या साठाव्या वाढदिवसाला तिला सरप्राइज द्यायचं असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. मला फोटोशॉप कामापुरतं येतं. बाबांचे फोटो आहेत, पण बहुतेक मोबाइलवरचे. खोटं वाटणार नाही असं कसं करायचं? आणि आईला, आजीला काय सांगायचं?

उत्तर:

आधी सरप्राइजचं बोलते. ते करू नका. फोटो जरूर करा, पण आईला विचारून करा.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, चूक करून बसले आहे म्हणून सांगते. स्टुडिओत बसायला लागल्यावर सुरुवातीच्या काही वर्षांतली गोष्ट. एका मुलानं असंच आईसाठी गुपचूप काम दिलं. माझं मिक्सिंग, म्हणजे दोन फोटो एकत्र जोडणं, उत्तम जमलं होतं आणि ते बघायला म्हणून मी हौसेनं त्यांच्या घरीही गेले. कागद फाडून फ्रेम बाहेर काढली. आईंनी ती दोन्ही हातांत धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हा कधी काढला होता?" त्या खरोखर आठवत होत्या. सुनेकडे बघितलं, नातवाकडे बघितलं, मनात वर्षं मोजली. नातू तर नवरा गेल्यावर जन्मलेला. मग फ्रेम टेबलावर पालथी ठेवून त्या आत गेल्या. चार दिवसांनी मुलगा ती परत घेऊन आला आणि म्हणाला, बाबांना काढून द्या.

तेव्हा मला कळलं ते असं की मिक्सिंग जितकं चांगलं, तितका तो "हा कधी काढला" असा क्षण लांबतो. त्या क्षणापुरता गेलेला माणूस परत येतो आणि दुसऱ्याच क्षणाला पुन्हा जातो, तेही केक कापायला जमलेल्या पंधरा माणसांसमोर. ज्याला आधीपासून माहीत असतं त्याच्यावर ही वेळ येत नाही. त्याला फोटो बघूनही डोळ्यांत पाणी येतं, पण ते वेगळं.

आईला विचारताना नमुना दाखवू नका. नमुना समोर असला की मुलांनी एवढं केलंय म्हणून आई "छान आहे" म्हणून मोकळी होते. ती एकटी असताना, घरातल्या एकाच माणसानं, साधं विचारावं: "आई, लग्नाच्या फोटोत बाबांना घालून एक फोटो करावा असं वाटतंय. खरा फोटो आहे तसाच राहील, हा वेगळा. तुला बघवेल का? नको वाटलं तर नाही करायचा." आणि उत्तर लगेच मागू नका. पहिल्या दिवशी "कशाला उगीच" म्हणणाऱ्या बायका तिसऱ्या दिवशी कपाटातून नवऱ्याचा जुना फोटो काढून "हा घे, यात ते चांगले दिसतात" म्हणताना मी पाहिल्या आहेत. आणि "नको" यावर ठाम राहिलेल्याही. तसं झालं तर तिथेच थांबायचं. भावंडांनी आपल्यापुरता करून मोबाइलवर ठेवला तरी तो कधीतरी घरच्या ग्रुपवर पडतोच.

आजीचा मुद्दा वेगळा असू शकतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत जिवंत माणसं आणि गेलेलं माणूस एका फ्रेममध्ये लावू नये, अशुभ असतं, असं मानतात. तुम्ही मानत नसाल, पण आजीचं मन त्यात अडकलं तर ती रोज त्या भिंतीखालून धास्तीनं जाणार. त्यावर वाद घालण्यापेक्षा एकच गोष्ट आधी ठरवा: ही फ्रेम लागणार कुठे? देवघराशेजारी, जिथे गेलेल्यांचे हार घातलेले फोटो असतात, त्या भिंतीवर ती लावू नका आणि तिला कधी हार घालू नका. त्यात तुम्ही सगळे आहात. बाबांचा हाराचा फोटो वेगळा असेलच, तो तिथेच राहू दे. हे एवढं स्पष्ट सांगितलं की बहुतेक आज्यांचा विरोध मावळतो.

आता कामाकडे. लोकांना वाटतं की अवघड भाग म्हणजे कापणं आणि चिकटवणं. तो दोन तासांचा असतो. काम साधतं किंवा फसतं ते बाबांचा कुठला फोटो निवडला यावर, आणि त्या शोधाला मी सरळ आठवडा देते.

पहिली कसोटी चेहऱ्याच्या आकाराची. ग्रुप फोटो फोटोशॉपमध्ये उघडा आणि बाबा ज्यांच्या शेजारी येणार त्यांच्या डोक्याची उंची, हनुवटीपासून टाळूपर्यंत, पिक्सेलमध्ये मोजा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर सात-आठ जणांचा उभा ग्रुप असेल तर ती साधारण 300 ते 350 भरते. आता बाबांच्या फोटोत तेच मोजा. तिथे निदान तेवढी तरी हवी. जास्त असेल तर उत्तम, कारण लहान करताना काही बिघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीनं आलेल्या फोटोची लांब बाजू सुमारे 1600 पिक्सेलची उरते, आणि त्यातल्या ग्रुपमध्ये बाबांचं डोकं शंभराच्या आसपास असतं. ते तिप्पट मोठं केलं की डोळ्यांच्या जागी दोन डाग दिसतात. मग माणूस ते डाग "नीट" करायला लागतो, पापण्या रंगवतो, ओठांची कड काढतो, आणि चेहरा बाबांचा राहत नाही. म्हणून ज्यानं तो फोटो मूळ काढला त्याला शोधा आणि मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

कागदावरच्या प्रिंटबाबत एक गैरसमज आहे. 1200 डीपीआयवर स्कॅन केलं की खूप तपशील मिळतो असं वाटतं. पण डिजिटल काळातल्या लॅब प्रिंटमध्ये इंचाला साधारण 300 ठिपकेच छापलेले असतात. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटमध्ये डोकं 14 मिलिमीटरचं असेल तर त्यात खरा तपशील 165 पिक्सेलचाच आहे, स्कॅनर कितीही मोठा आकडा दाखवो. अशा वेळी प्रिंटमागे न लागता त्या कार्यक्रमाच्या फोटोग्राफरकडे जा. जुन्या डीव्हीडी आणि हार्ड डिस्क बरेच जण ठेवून असतात. रोलच्या काळातला फोटो असेल तर निगेटिव्ह शोधा. काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा.

दुसरी कसोटी, फोटो किती अंतरावरून काढला आहे. हाताच्या अंतरावरच्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. ग्रुप फोटो बारा-पंधरा फुटांवरून काढलेला असतो. सेल्फीतला चेहरा त्यात बसवला की रंग, उजेड सगळं जुळूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं आणि नेमकं काय ते कुणाला सांगता येत नाही. आधार कार्डाचा किंवा पासपोर्टचा फोटो तर वापरूच नये. समोरून सपाट उजेड, श्वास रोखल्यासारखा चेहरा. तो घेऊन त्याखाली बाजारातला तयार कोट लावायची आमच्या धंद्यात फार सवय आहे. असे बाबा लग्नाला आलेले वाटत नाहीत, कुठल्यातरी कार्यालयात अर्ज द्यायला आल्यासारखे दिसतात. शक्यतो डोकं आणि अंग एकाच फोटोतलं घ्या. माणूस चेहऱ्याइतकाच खांद्यांवरून, मान कशी धरतो त्यावरून आणि हातांवरून ओळखू येतो.

तिसरी, वय. आजारपणातला शेवटचा फोटो नको, हे सगळ्यांना कळतं. पण मग लोक एकदम उलट टोकाला जातात आणि तिशीतले बाबा शोधून आणतात. शेजारी पस्तिशीचा मुलगा उभा असतो आणि बाप त्याच्याहून तरुण! बाबा आजारी पडण्याआधीच्या दोन-चार वर्षांतला फोटो बघा. तुमच्या बाबतीत 2015 ते 2018.

हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते एका कामावरून सांगते. घराण्याच्या खुणा बदलल्या आहेत, बाकी जसं घडलं तसं.

वडील 2021 साली गेलेले, मुलीचं लग्न डिसेंबर 2024मध्ये. स्टेजवरच्या ग्रुपमध्ये सात जण: मध्ये नवरानवरी, उजवीकडे भाऊ, वहिनी आणि काका, डावीकडे आई, आणि अगदी डाव्या टोकाला कापडानं झाकलेल्या खुर्चीत आजी, म्हणजे वडिलांची आई. मुलीचं म्हणणं की बाबा तिच्या आणि आईच्या मधे हवेत. मला फोटो मिळाला तो 2017 सालच्या एका पुतण्याच्या लग्नातला, फोटोग्राफरच्या डीव्हीडीवरून. वडील बायकोशेजारी उभे, पांढरा शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, चेहऱ्यावर हसू नाही पण समाधान आहे. डोकं 410 पिक्सेलचं. ग्रुपमध्ये हवं होतं 330, म्हणजे सुमारे 80 टक्क्यांवर आणायचं. सगळं छान, फक्त फोटो मांडीपर्यंतच होता. पाय नव्हते.

पाय दुसऱ्याचे आणता येतात. मी आणत नाही. खोटेपणा पहिल्यांदा पायांतच उघडा पडतो: बूट जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत, सावली चुकते, पँटची घडी चुकते. म्हणून मी जागाच बदलायला सुचवलं. वडील आजीच्या खुर्चीमागे, आईच्या शेजारी. खुर्चीचं कापड खालपर्यंत आलेलं, त्यामुळे कमरेखालचं काही दिसायचा प्रश्नच नाही. मुलीला आधी पटेना, तिला बाबा स्वतःला चिकटून हवे होते. मग तिचे काकाच म्हणाले, "दादा कुठल्याही कार्यात आईच्या खुर्चीमागेच उभा असायचा." हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. अशी वाक्यं घरातून बाहेर पडावीत म्हणूनच मी काम सुरू करण्याआधी दोघा-तिघांना एकत्र बसवते.

त्या जागेचा आणखी एक फायदा होता, आणि तो उजेडाचा. 2017च्या फोटोत उजेड आपण बघतो तेव्हा डावीकडून येत होता, नाकाची सावली उजव्या गालावर सरकलेली. लग्नाच्या स्टेजवर बहुधा कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅशची एकेक छत्री लावलेली असते. मधल्या माणसांवर दोन्हींचा उजेड सारखा पडतो, पण टोकाच्या माणसाला त्याच्या बाजूची छत्री जवळ असते. म्हणजे डाव्या टोकाचे चेहरे डावीकडून थोडे जास्त उजळतात. वडील डाव्या टोकाला गेले आणि उजेड आपोआप जुळला. उजवीकडे ठेवायचे असते तर मला चेहरा उलटा करण्याचा मोह झाला असता.

उलटा करू नका. चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. भांग, तीळ, शर्टाचा खिसा आणि बटणपट्टी सगळं बाजू बदलतं, बायकांच्या फोटोत नथ आणि पदर. परक्याला कळत नाही, बायकोला पहिल्या नजरेत खटकतं. आरशात दिसणारा नवरा आणि समोर दिसणारा नवरा यांत तिनं आयुष्यभर समोरचाच पाहिलेला असतो.

उंचीसाठी डोक्यांची मापं घेऊन अंदाज करण्यापेक्षा नवरा-बायको शेजारी उभे असलेला जुना फोटो सोन्यासारखा असतो. 2017मध्ये आईच्या डोक्याचा वरचा भाग वडिलांच्या कानाच्या पाळीला लागत होता. मी तेच अंतर ठेवलं, आणि वडील अर्धं पाऊल मागे आहेत म्हणून जरासं कमी केलं. भाऊ आणि काका फेट्यात होते, त्यामुळे वडील बुटके भासत होते. तिथे धाकट्या मुलीनं म्हटलं, बाबांनाही फेटा बांधा ना. आजी खुर्चीतूनच म्हणाली, "त्यानं स्वतःच्या लग्नात टोपी काढली नाही, आता फेटा कुठला?" विषय संपला. टोपी राहिली.

त्या टोपीचा मला फार उपयोग झाला. रंग जुळवताना पांढऱ्यापासून सुरुवात करायची असते. काकांनी पांढरं धोतर नेसलं होतं. स्टेजच्या पिवळसर दिव्यांत ते जितकं पिवळं दिसत होतं तितकीच टोपी पिवळी होईपर्यंत मी Curves मध्ये निळा रंग खाली आणला. पांढरं पांढऱ्याला जुळलं की त्वचा जवळपास जाग्यावर येते. उरलेला फरक मी सख्ख्या भावाच्या, म्हणजे काकांच्या, गालाशी ताडून पाहिला, पण पूर्ण सारखा केला नाही. वडील शेतावर जाणारे, काका नोकरीवाले. वडील एक छटा सावळेच होते. आमच्या धंद्यात गोरं करून द्यायची खोड आहे, आणि "हे बाबा वाटत नाहीत" या तक्रारीमागे निम्म्या वेळा तीच निघते. उरलेल्या वेळा सुरकुत्या पुसलेल्या असतात, किंवा काचेवर चमक येते म्हणून चष्माच काढून टाकलेला असतो.

कापायला मी Select and Mask वापरते आणि कडा अर्ध्या ते एक पिक्सेलनं मऊ करते, त्याहून जास्त नाही. जुन्या फोटोतल्या हिरवळीची हिरवी झाक शर्टाच्या कडेला राहते, ती वेगळी शोधून मारावी लागते. मग दोन गोष्टी ज्या नवखे विसरतात. एक, दाणे. संध्याकाळच्या स्टेजवरच्या फोटोत बारीक दाणे असतात, दिवसा काढलेल्या वडिलांच्या फोटोत ते नव्हते, म्हणून ते एकटेच धुवून काढल्यासारखे दिसत होते. Camera Raw Filter मधल्या Grain नं थोडे दाणे टाकले, शंभर टक्के झूमवर आईच्या गालाशी ताडून. दोन, माणसामाणसांमधली सावली. दोन माणसं खेटून उभी असतात तेव्हा त्यांच्या मधल्या फटीत उजेड कमी पोचतो. वडिलांचा हात आणि आईचा खांदा जिथे जवळ येतो तिथे आईच्या पदरावर हलका काळपटपणा, आणि खुर्चीच्या पाठीचा तसाच शर्टावर. हा काळपटपणा इतका हलका असावा की थर बंद केल्यावरच तो होता हे कळावं. तो नसेल तर माणूस कात्रणासारखा वर चिकटलेला दिसतो.

तपासायला मी संपूर्ण फोटो आडवा उलटा करून बघते, तोही फक्त तपासण्यापुरता. डोळ्यांना सवय झालेली चूक लगेच वर येते. मग रंग काढून काळा-पांढरा करून बघते, त्यात उजेडाचा फरक लपत नाही. शेवटी पोस्टकार्ड साइजची एक प्रिंट काढून, घराण्याशी काही संबंध नसलेल्या माणसाला देते आणि विचारते, यात कोण पाहुणा वाटतो? त्यानं तिसऱ्याच कुणाकडे बोट दाखवलं तर काम झालं. या कामात त्यानं नवरदेवाकडे दाखवलं.

आता या कामातला सगळ्यात नाजूक प्रश्न, आणि तुमच्या फोटोतही तो येणार. फोटोतल्या आईच्या कपाळावर छोटी काळी टिकली होती, गळ्यात साधी माळ. वडील शेजारी उभे राहिल्याबरोबर ते चित्र विचित्र दिसायला लागलं: नवरा शेजारी आणि बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र नाही. वहिनी चांगल्या मनानं म्हणाल्या, मोठं कुंकू आणि मंगळसूत्रही घाला ना, मग सगळं पूर्ण वाटेल. तांत्रिकदृष्ट्या ते दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, हे मी त्यांना विचारल्याशिवाय करणार नाही, आणि तेही एकटीला विचारेन.

कारण हे माणसामाणसाला वेगळं असतं. काही जणी नवऱ्यामागेही मंगळसूत्र घालतात, काहींना ते सक्तीनं काढावं लागलं आणि त्याची आठवणही नको असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा आमच्याकडच्या बायकांत यावर बरंच बोलणं झालं, आणि एकाच वाड्यातल्या दोन जावांची मतं दोन टोकांची निघाली. मुलांनी किंवा स्टुडिओवाल्यानं ठरवायची ही गोष्टच नाही. त्या आईंना मी विचारलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ते आलेत म्हणून मी कशाला बदलू? लग्नात मी जशी होते तशीच राहू दे." दुसऱ्या एका कामात अगदी उलट झालं, त्या आईंनी आपलं जुनं मंगळसूत्र दाखवून "हेच दिसलं पाहिजे" असं सांगितलं. दोन्ही मी निमूट केलं. तुम्ही परवानगी विचाराल त्याच वेळी हेही विचारून घ्या. फोटो तयार झाल्यावर विचारलं तर तो प्रश्न "तू इथे अपुरी दिसतेस" असा ऐकू जातो.

काही गोष्टी मी करत नाही, त्याही सांगून ठेवते. नसलेलं हसू आणत नाही. मिटलेले डोळे उघडायचे तर त्याच माणसाच्या, त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतले मिळाले तरच. वडिलांचा हात नवरीच्या डोक्यावर आशीर्वाद देताना दाखवत नाही, कारण मग घडलेला नाही असा प्रसंगच आपण घडवतो. आणि लहानपणी गेलेल्या मुलाला आज असता तर किती मोठा दिसला असता असं वाढवून देत नाही. त्या आईबापांच्या मनात त्याचं एक रूप असतं, त्यावर माझ्या अंदाजाचा चेहरा बसवायचा मला अधिकार नाही.

तुम्हाला बाबांचा पुरेसा मोठा फोटो मिळालाच नाही तर अट्टहास करू नका. जुन्या स्टुडिओंमध्ये ग्रुपच्या वरच्या कोपऱ्यात लंबगोल चौकटीत गेलेल्या माणसाचा चेहरा बसवून देत. त्यात काही लपवाछपवी नसते, आणि लहान आकारात कमी पिक्सेलही चालून जातात. आजीलाही तो प्रकार ओळखीचा वाटेल.

आता कुणाला काय सांगायचं ते. आईनं हो म्हटल्यावर पहिली प्रिंट छोटी काढा आणि ती एकटीलाच दाखवा, वाढदिवसाच्या आधी. दाखवताना मूळ फोटो शेजारी ठेवा. "कसा झालाय?" असं विचारू नका, कारण त्याला "छान" याशिवाय उत्तर देता येत नाही. "बाबांचं काय चुकलंय ते सांग" असं विचारा. मग ती सांगते: मान जरा ताठ वाटते, मिशी इतकी काळी नव्हती. ते दुरुस्त करा. हे सांगता सांगताच तिचा त्या फोटोशी परिचय होतो आणि मोठी फ्रेम पुढ्यात येते तेव्हा धक्का उरत नाही.

बाकी नातेवाइकांना फोटो पाठवताना खाली एक ओळ लिहा: "लग्नाच्या फोटोत बाबांचा 2017चा फोटो जोडून हा केला आहे." वर्ष तुमच्या फोटोचं घाला. आत्याला, बाबांच्या मित्रांना सकाळी मोबाइल उघडल्यावर गेलेला माणूस एकदम समोर दिसू नये एवढ्यासाठीच ही ओळ. घरातल्या लहान मुलांनाही सरळ सांगा. चार वर्षांच्या नातवाला "आजोबा लग्नाला आले होते" असं गमतीनं सांगितलं तर तो ते खरं धरतो आणि नंतर कधीतरी विचारतो, मग मला का नाही भेटले?

मूळ फोटोला हात लावू नका. जोडलेल्या फोटोच्या फाइलच्या नावातच "जोडलेला" असं लिहा, आणि File Info मधल्या Description च्या रकान्यात दोन्ही फोटोंचं वर्ष नोंदवा. प्रिंटच्या मागेही पेननं तेच लिहा. तीस वर्षांनी फाइल कुठे असेल सांगता येत नाही, पण फ्रेम उघडणाऱ्याला मागचं अक्षर दिसतं. हा फोटो लग्नाच्या अल्बममध्ये घालू नका, वेगळा ठेवा. आणि बहीण परदेशी जाणार असेल तर हे तिला आवर्जून सांगा: जोडीदाराच्या व्हिसासाठी पुरावा म्हणून लग्नाचे फोटो बरेचदा जोडावे लागतात, त्यांत हा चुकूनही जाऊ देऊ नका. वडिलांच्या मृत्यूची तारीख एका कागदावर आणि ते उभे असलेला त्यानंतरचा फोटो दुसऱ्या कागदावर, असं झालं तर बाकीच्या खऱ्या फोटोंवरही संशय येतो.

वाढदिवसाला अजून वेळ असेल तर या आठवड्यात फक्त दोन कामं करा. आईशी बोला, आणि 2015 ते 2018च्या लग्नमुंजींची यादी करून त्या फोटोग्राफरांना फोन लावा. बाबांची मूळ फाइल मिळाली की डोक्याची उंची मोजून कळवा, पुढचं त्यावरून सांगते.